एसीजवळचाच रॅक गरम का होतो?

सर्व्हर रूममधला सर्वांत गरम रॅक कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण एसीपासून लांबचा कोपरा दाखवतील. प्रत्यक्षात पुष्कळदा तो एसीच्या अगदी शेजारी सापडतो. हे कसं होतं ते आकड्यांनी उलगडता येतं, आणि संगणकावर हवेचा अभ्यास करताना कोणते निर्णय जपून घ्यावे लागतात तेही त्यातून कळतं.

एक खोली डोळ्यांसमोर आणू. 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 3 मीटर उंच. तिच्यात 10 रॅक, आणि प्रत्येकात 5 किलोवॅट वीज खाणारे सर्व्हर. ही वीज शेवटी सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते, म्हणजे प्रत्येक रॅकमध्ये घरातले अडीच गीझर दिवसरात्र चालू आहेत असं समजा. सर्व्हरचे पंखे समोरून थंड हवा ओढतात आणि साधारण 12 अंशांनी तापलेली हवा मागे सोडतात. 5 किलोवॅटची उष्णता 12 अंशांच्या फरकाने वाहून न्यायची तर रॅकला सेकंदाला 350 लिटर हवा लागते.

ही हवा जमिनीतून येते. खऱ्या जमिनीच्या वर 30 सेंटीमीटरवर दुसरी फरशी असते, एसी त्या पोकळीत 18 अंशांची हवा फुंकतो आणि प्रत्येक रॅकसमोरच्या भोकांच्या फरशीतून ती वर येते. फरशी 60 सेंटीमीटर चौरस आणि तिचा पाव भाग उघडा असेल, तर 350 लिटर हवा वर काढायला खालून सुमारे 24 पास्कल दाब लागतो.

आता एसीच्या तोंडाशी बघा. दहा रॅकची सगळी हवा, सेकंदाला 3,500 लिटर, तिथूनच पुढे जाते. केबलांच्या गुंत्यामुळे तिला मोकळी वाट जेमतेम अडीच मीटर रुंद मिळाली, तर तिचा वेग सेकंदाला साडेचार मीटर होतो. हवा जितकी जोरात पुढे धावते, तितका तिचा वर ढकलणारा दाब कमी पडतो. या वेगात 12 पास्कल खर्ची पडतात, म्हणजे निम्मा दाब गेला. फरशीतून येणारी हवा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे एसीजवळच्या फरशीतून 350 ऐवजी 250 लिटरच वर येते. वेग याहून जास्त असेल तर फरशी उलट खोलीतली हवा खाली ओढते. लांबच्या फरश्यांखाली हवा मंदावलेली असते, तिथे दाब भरपूर असतो.

सर्व्हरच्या पंख्यांना मात्र यातलं काही माहीत नसतं. ते 350 लिटरच ओढतात. कमी पडलेली 100 लिटर हवा रॅकच्या माथ्यावरून मागची तापलेली हवा वळून येते आणि भरून काढते. थंड हवा खालून भरत जात असल्यामुळे तिचा पुरवठा साधारण 1.4 मीटर उंचीवर संपतो. रॅकमध्ये शिरणाऱ्या हवेची सरासरी काढली तर 23 अंशांच्या आत येते, सगळं ठीक वाटतं. पण वरच्या सर्व्हरना मिळणारी हवा 35 अंशांच्या आसपास असते. ॲशरे या अमेरिकी अभियंता संस्थेने सुचवलेली मर्यादा 18 ते 27 अंश आहे. सरासरीवर विसंबणाऱ्याला हा बिघाड कधीच दिसणार नाही.

वरचा हिशेब कागदावर झाला, कारण आपण एकच रॅक घेतला आणि हवेची वाट आधीच ठरवून टाकली. दहा रॅकची हवा एकमेकांत मिसळते तेव्हा कम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स, म्हणजे सीएफडी, लागतं. यात खोलीचे लाखो छोटे डबे करतात, त्यांना सेल म्हणतात आणि सगळ्या जाळ्याला मेश. प्रत्येक सेलमध्ये जितकी हवा आली तितकी गेली पाहिजे. अडचण अशी की दाब माहीत नसतो. मग दाबाचा अंदाज घ्यायचा, त्यावरून वेग काढायचे, कुठे आवकजावक जुळत नाही ते बघून दाब सुधारायचा आणि हे शेकडो वेळा करायचं. ही सिंपल नावाची पद्धत 1972 मध्ये ब्रायन स्पाल्डिंग आणि सुहास पाटणकर यांनी मांडली. पाटणकर पुण्याचे, तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. पुढे त्यांनी डेटा सेंटरच्या फरशीखालच्या हवेवरही मोलाचं काम केलं.

आता मेश. 10 सेंटीमीटरचे सेल घेतले तर आपल्या खोलीत 1 लाख 44 हजार होतात. 5 सेंटीमीटरचे घेतले तर आठपट, साडेअकरा लाख. अडीचचे घेतले तर 92 लाख. मोठ्या सेलमध्ये दोन रॅकमधली 4 सेंटीमीटरची फट नाहीशी होते, आणि गरम हवा नेमकी अशाच फटींतून शिरते. शिवाय थंड आणि गरम हवेमधली सीमा मोठ्या सेलमध्ये फिसकटते, पाण्यात शाई पसरावी तशी. मग 35 अंशांची जागा उत्तरात बरीच थंड दिसते. म्हणून समोरची गल्ली आणि रॅकचा माथा एवढ्याच भागात बारीक सेल घ्यावेत. मग सेल आणखी बारीक करून वरच्या सर्व्हरसमोरचं तापमान पुन्हा काढावं. ते हललं तर मेश अजून पुरेसं नाही.

भोकांच्या फरशीशी विशेष जपावं लागतं. प्रत्येक भोक मेशमध्ये काढणं परवडत नाही, म्हणून फरशी हवेला अडवणारा पडदा धरतात. तसं केलं की हवा सेकंदाला 1 मीटरने संथ वर येताना दिसते. खऱ्या भोकांतून ती 4 मीटरने उसळते आणि आजूबाजूची हवा बरोबर ओढत रॅकच्या माथ्यापर्यंत पोचते. हवेचं प्रमाण तेच, पण जोर चौपट. हा जोर वेगळा भरला नाही तर गल्लीतलं चित्रच चुकतं.

उरला टर्ब्युलन्सचा, म्हणजे हवेतल्या भोवऱ्यांचा प्रश्न. सगळे भोवरे मोजणं आवाक्याबाहेरचं, म्हणून त्यांचा सरासरी परिणाम मॉडेलने धरतात. सर्व्हर रूमसाठी के-एप्सिलॉन हे जुनं, दणकट मॉडेल सर्रास वापरतात. मी सुरुवात त्यानेच करीन. त्याची कमजोरी गरम हवा वर तरंगते तिथे उघडी पडते. आपल्या खोलीत तरंगण्याचा जोर आणि फरशीतल्या हवेचा जोर जवळजवळ बरोबरीचे आहेत, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा परिणाम गणितात घालायलाच हवा. मग तेच गणित के-ओमेगा एसएसटी या दुसऱ्या मॉडेलने करावं. दोन्हींच्या उत्तरांत 3 अंशांचा फरक आला, तर आपल्या उत्तरावर किमान तेवढा अविश्वास ठेवावा. मॉडेल बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा चुकीचा फरशीचा आकडा किंवा विसरलेली फट जास्त नुकसान करते, असं माझं ठाम मत आहे.

अहवाल हातात आला की रंगीत चित्र बघण्याआधी एक ताळा करा. 50 किलोवॅट उष्णता आणि 3,500 लिटर हवा असेल, तर एसीकडे परतणारी हवा 30 अंशांचीच हवी. ती 27 निघाली तर गणितात उष्णता कुठेतरी हरवली आहे. उपाय साधे आहेत: रॅकमधल्या रिकाम्या जागांना पत्रे लावणं, केबलांची भोकं बुजवणं, फरशीखालच्या जुन्या केबली काढणं. पण त्याआधी एसीजवळच्या रॅकसमोर, जमिनीपासून 1.8 मीटरवर, एक थर्मामीटर लावून बघा.