पावणी की मर्जी? कोर्ट नेमकं काय तपासतं



जेटीवरची जागा, बाजारातला गाळा किंवा एखाद्या तळ्याचा ठेका असा विषय सभेत निघाला की कोणी ना कोणी उठून म्हणतोच, "पावणी झाली नाही ना, मग हे बेकायदा. कोर्टात गेलं की उडालंच." त्यावर दुसरा सांगतो, "सरकारची वस्तू आहे, सरकार वाटेल त्याला देईल." आम्ही या विषयावरचे मोठे निकाल समजून घेतले, तेव्हा कळलं की दोघांचंही अर्धंच खरं आहे. म्हणून हे लिहितो आहोत.

आधी आपल्या घरचं उदाहरण घेऊ. खाजनातल्या मानशीची दरवर्षी पावणी होते. जास्त बोली लावेल त्याला मासे धरायचा हक्क मिळतो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी असा मूळ हेतू. पद्धत उघड आहे, सगळ्यांसमोर होते, कोणाला नाव ठेवायला जागा नाही. पण मोठी बोली लावलेला माणूस पैसे वसूल करायला बघतो. मासे जास्त यावेत म्हणून दार नको तेव्हा उघडं ठेवलं, की खारं पाणी शेतात शिरतं आणि बांधही कमजोर होतो. म्हणजे पावणीने पैसा जास्त आला, पण ज्याच्यासाठी मानस बांधली ते शेतच गेलं. पावणी सरळ असते, पण प्रत्येक वेळी तीच भली असते असं नाही. कोर्टालाही हे ठाऊक आहे.

आता उलटी बाजू बघा. टू-जी हे नाव सगळ्यांनी ऐकलंय. मोबाईलच्या लहरी ही सरकारकडची मर्यादित वस्तू. ती "आधी येईल त्याला आधी" या रांगेने द्यायची असं ठरलेलं होतं. अर्जाची शेवटची तारीख 1 ऑक्टोबर 2007 जाहीर झाली. पुढे 10 जानेवारी 2008 ला खात्याने सांगितलं की 25 सप्टेंबरपर्यंत आलेलेच अर्ज धरणार. त्याच दिवशी दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूचना लागली की साडेतीन ते साडेचार या वेळात येऊन पत्रं घेऊन जा. पाऊण तासात सगळ्यांनी हजर व्हायचं! त्यातही नंबर लागणार तो आधी अर्ज केलेल्याचा नाही, तर अटी आधी पुऱ्या करून पैसे आधी भरणाऱ्याचा. ज्यांना आतली कुणकुण होती त्यांचे ड्राफ्ट तयार होते, बाकीचे धावत राहिले. आणि किंमत घेतली ती 2001 सालची.

सुप्रीम कोर्टाने 2 फेब्रुवारी 2012 ला ते 122 परवाने रद्द केले. पुढे 2017 मध्ये फौजदारी खटल्यात विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं, म्हणून काही जण म्हणतात की मग घोटाळाच नव्हता. पण कोणाला शिक्षा व्हावी का हा प्रश्न वेगळा आणि वाटपाची रीत बरोबर होती का हा वेगळा. परवाने रद्द झाले ते रीतीमुळे, आणि ते रद्दच राहिले.

त्या निकालात अशा वस्तूंसाठी लिलावच चांगला असं म्हटलं होतं. त्यामुळे देशभर घबराट झाली. मग खाण, जमीन, पाणी, मासेमारीचे हक्क, सगळ्याचाच लिलाव करायचा का? राष्ट्रपतींमार्फत हा प्रश्न सुप्रीम कोर्टाला विचारण्यात आला. पाच न्यायाधीशांनी 27 सप्टेंबर 2012 ला उत्तर दिलं. त्याचा सार आमच्या शब्दांत असा: घटनेने लिलाव सक्तीचा केलेला नाही. सरकार लोकहितासाठी दुसरी रीत निवडू शकतं. पण निव्वळ नफ्यासाठी धंदा करणाऱ्याला सार्वजनिक वस्तू द्यायची असेल आणि त्यात लोकहिताचा काही हेतू नसेल, तर स्पर्धेशिवाय दिलेली वस्तू मनमानी ठरू शकते. कोणती रीत घ्यायची ते सरकारने ठरवावं. कोर्ट बघणार ते ती रीत न्याय्य, समान आणि कारणाला धरून आहे का.

याचा खरा कस लागला तो आपल्या गोव्यात. मांडवी आणि जुवारीवरून खनिजाचे बार्ज जाताना आपण वर्षानुवर्षं पाहिले. पोर्तुगीजांच्या वेळेपासूनच्या खाण सवलतींचं पुढे लीजमध्ये रूपांतर झालं, आणि पहिल्या नूतनीकरणाची मुदत 22 नोव्हेंबर 2007 ला संपली असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये सांगितलं. त्यानंतर राज्य सरकारने नोव्हेंबर 2014 ते 12 जानेवारी 2015 या दोन-अडीच महिन्यांत 88 लीजचं दुसऱ्यांदा नूतनीकरण करून टाकलं. 12 जानेवारी 2015 ही तारीख लक्षात ठेवा. त्याच दिवशी केंद्राचा वटहुकूम आला आणि खाणींसाठी लिलाव सक्तीचा झाला.

हे प्रकरण पुन्हा सुप्रीम कोर्टात गेलं आणि 7 फेब्रुवारी 2018 ला 88 च्या 88 नूतनीकरणं रद्द झाली. 15 मार्चनंतर खाणी बंद. त्याचा फटका बार्जवर काम करणाऱ्या आपल्याही काही घरांना बसला. पण या निकालातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्याच निकालात कोर्टाने म्हटलंय की लिलावच करायला हवा असं घटनेचं बंधन गोवा सरकारवर नव्हतं! मग रद्द का केलं? कारण लीज नव्याने द्यायला हव्या होत्या, नूतनीकरण करून नव्हे. फार घाई झाली. समोर असलेली माहिती विचारात घेतली नाही. आणि कायद्याला खनिज विकासाच्या हिताची कारणं हवी होती, तर इथे निर्णय झाला तो फक्त महसूल वाढवायला.

म्हणजे पावणी झाली नाही म्हणून काम उडालं नाही. ज्या हेतूसाठी अधिकार दिला होता, तो हेतू फाईलमध्ये दिसला नाही म्हणून उडालं.

आपल्याशी याचा संबंध काय? उघड पावणीत मच्छीमार सोसायटी पैशाने बड्या ठेकेदारासमोर टिकणार नाही. म्हणून सोसायटीला प्राधान्य द्यायचा नियम असेल, तर तो केवळ पावणी नाही एवढ्यावरून बेकायदा ठरत नाही. प्रत्यक्ष मासे धरून पोट भरणाऱ्याला रोजगार मिळावा हा लोकहिताचा हेतू त्यामागे आहे. पण सगळा डोलारा त्या हेतूवरच उभा आहे. नावाला सोसायटी आणि पाठीमागे ठेकेदार असेल, तर प्राधान्याचं कारणच संपलं. मग सोसायटी आणि नफेखोर धंदेवाला यांत कोर्टाने फरक का करावा?

म्हणून बिनपावणीने काही मिळणार असेल तेव्हा आम्ही चार कागद पाहूनच सही करणार: नियम अर्ज मागवायच्या आधी जाहीर झाला होता का, सगळ्यांना अर्जाला पुरेसा वेळ मिळाला का, मध्येच तारीख किंवा अट बदलली का, आणि आपल्यालाच का दिलं याचं कारण आदेशात लिहिलंय का. यातलं एखादं नसेल, तर मिळालेली जागा आज आपली वाटेल, पण जाळी, बर्फपेटी आणि कर्ज तिच्यावर गुंतवल्यानंतर ती जाऊ शकते.

पुढच्या सभेला येताना ज्यांच्याकडे जुने वाटपाचे आदेश असतील त्यांनी झेरॉक्स घेऊन या. एकत्र बसून वाचू.