भाडेकरारातल्या रिकाम्या जागा

घर भाड्याने घेताना एजंट कराराचा मसुदा पाठवतो. उघडून पाहावा तर कलम 3 मध्ये ‘अनामत रक्कम रुपये ______’ आणि कलम 9 मध्ये ‘______ महिन्यांची नोटीस’ तशीच कोरी! ‘सही करा, बाकीचं मी भरतो,’ असं उत्तर मिळालं तर तिथेच थांबा. कोऱ्या जागेवर सही केली की तिथे नंतर कोणता आकडा पडेल, ते आपल्या हातात राहत नाही.

मसुदा नुसता ‘अपुरा आहे’ म्हणून परत पाठवू नका, तो पुन्हा तसाच येतो. कलमवार लिहा: ‘कलम 3: अनामत 50,000 रुपये, बोलणं झाल्याप्रमाणे. कलम 9: दोन्ही बाजूंनी एक महिना. कलम 12, पार्किंग: घरमालकांनी सांगावं.’ जे ठरलं ते आपण सुचवायचं, जे ठरलंच नाही ते विचारायचं, अंदाजाने भरायचं नाही. जे गैरलागू असेल तिथे ‘लागू नाही’ असं लिहून घ्या.

दुरुस्त प्रत आली की आधीच्या भाडेकरूचं नाव किंवा जुनी तारीख कुठे राहिली नाही ना, तेही पाहा. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ऑनलाइन नोंदणीत अंगठा देण्यापूर्वी स्क्रीनवरचे आकडे शेवटचे वाचा.