सहीआधीचे चार दिवस

ऑफर लेटर हाती आल्यावर सही करायला कंपन्या बहुधा दोन-तीन दिवसच देतात, आणि पत्र नेमके शुक्रवारी संध्याकाळी आले तर त्यातले दोन दिवस सुट्टीतच जातात. अशा वेळी जास्तीचे चार-पाच दिवस मागण्यात गैर काही नाही. कायद्याच्या दृष्टीने हे पत्र म्हणजे प्रस्ताव असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ प्रमाणे उमेदवाराने स्वीकृती पाठवण्याआधी प्रस्ताव देणाऱ्याला तो मागे घेता येतो. म्हणून मुदत मागणे म्हणजे नकार नसला, तरी जागा राखून ठेवल्याची खात्रीही नसते. हे लक्षात घेऊन विनंती पत्रातली मुदत संपण्याआधी करावी आणि ती मेलने करावी. ‘बघू, घ्या की वेळ’ असे एचआरने फोनवर म्हटले, तरी मुदत वाढवल्याचे दोन ओळींत लिहून घ्यावे.

मेल लांबलचक नको. पत्र मिळाले, नोकरीत रस आहे, अटी नीट वाचून घरच्यांशी आणि एका ज्येष्ठांशी बोलायचे आहे, आणि बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर देतो, एवढे पुरते. नेमका दिवस आणि वेळ महत्त्वाची, कारण ‘थोडा वेळ हवा’ हे वाक्य वाचून एचआरला उमेदवार दुसऱ्या ऑफरची वाट पाहतोय अशी शंका येते. ती शंका अनेकदा खरीही असते, हा भाग वेगळा.

मागून घेतलेल्या दिवसांत करायचे काय, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला वर्षाला ९ लाखांच्या सीटीसीची ऑफर आली. १२ ने भागले की महिना ७५ हजार, असा हिशेब मनात आपोआप होतो. पत्राच्या शेवटी जोडलेला तक्ता मात्र वेगळे सांगतो. त्यात मूळ वेतन ३,६०,००० आहे. कंपनीचा पीएफमधला १२ टक्के वाटा ४३,२००, ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के म्हणजे १७,३१६, विम्याचा हप्ता १२,००० आणि कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल पे ९०,००० हे सगळे त्या ९ लाखांतच धरलेले आहे. ते वजा जाता ७,३७,४८४ उरतात, म्हणजे महिना ६१,४५७. त्यातून स्वतःचा पीएफ ३,६०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात सुमारे ५७,६५० येतात. पीएफ कुठे जात नाही, तो स्वतःच्याच नावावर साठतो. ग्रॅच्युइटीसाठी मात्र कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षे टिकावे लागते.

हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन घरी करता येतो. अनुभवी माणूस लागतो तो आकड्यांमागची रीत कळण्यासाठी. व्हेरिएबल गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के मिळाला, नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर पैसे भरून तो कमी करू देतात का, वर्षाच्या आत सोडल्यास जॉइनिंग बोनस परत करताना कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम भरायची का, हे प्रश्न त्याला सुचतात, कारण त्याने एखादी कंपनी स्वतः सोडलेली असते. म्हणून सल्ला त्याच क्षेत्रात दहा-बारा वर्षे काढलेल्या आणि निदान दोन नोकऱ्या बदललेल्या माणसाचा घ्यावा. एकाच ठिकाणी रुजलेल्या काकांचा सल्ला प्रेमाचा असतो, पण सोडून जातानाच्या अटींशी त्यांचा संबंध आलेला नसतो. पत्रात गोपनीयतेची अट असेल तर कंपनीचे नाव न सांगता, पत्र न पाठवता, फक्त कलम वाचून दाखवावे.

बाँडची अट असेल तर वकिलाला विचारणे बरे. ‘असले बाँड कोर्टात टिकत नाहीत’ हे कँटीनमधले जुने ज्ञान आता धोक्याचे आहे. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये किमान तीन वर्षांच्या सेवेची, नाहीतर दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. बँकेला नव्याने भरती करण्याचा खर्च पडतो, हे त्यात विचारात घेतले गेले. याचा अर्थ प्रत्येक खासगी कंपनीचा प्रत्येक बाँड टिकेल असा नाही. रक्कम आणि मुदत वाजवी आहे का, हे तपासले जाते.

शंका निघाल्या की त्या एकाच मेलमध्ये विचाराव्यात आणि उत्तरही लेखी मागावे. ‘व्हेरिएबल सगळ्यांना पूर्ण मिळतो’ हे तोंडी आश्वासन पत्रात उतरले नाही, तर वर्षाने ते आठवणारी व्यक्ती त्या खुर्चीत नसते. पोर्टलवरचे स्वीकृतीचे बटण दाबणे हेही सहीसारखेच आहे, तेव्हा आधी दाबून मग वाचू, असे करू नये. आणि जुन्या कंपनीत राजीनामा द्यायचा तो बदललेले पत्र हातात येऊन, त्यावर सही करून, स्वीकृती पोचल्याचा मेल आल्यावरच.