अ‍ॅनिलिनचं शुद्धीकरण

नायट्रोबेंझिनपासून अ‍ॅनिलिन बनवलं, की चंबूत कथिलाच्या क्षारांचा चिकट गाळ उरतो. कॉस्टिक सोडा घातला, की अ‍ॅनिलिन तेलासारखं सुटं होतं. ते उकळतं १८४ अंश सेल्सिअसला; पण पाण्यात फारसं मिसळत नसल्याने दोघांचे बाष्पदाब एकत्र येतात आणि वाफेबरोबर ते ९८ अंशांच्या आसपासच बाहेर पडतं. गाळ मागेच.

पाणी काढल्यावर साधं ऊर्ध्वपातन चालतं. मात्र तापलेलं अ‍ॅनिलिन हवेने तपकिरी पडतं. म्हणून थोडी जस्ताची पूड घालतात किंवा दाब घटवून निर्वात ऊर्ध्वपातन करतात.

द्रवाला स्फटिकीकरण कसलं? पण त्याचंच घन अ‍ॅसिटॅनिलाइड केलं, तर उकळत्या पाण्यात विरघळून गार होताना त्याचे पांढरे, चकचकीत स्फटिक पडतात. ते ११४ अंशांच्या आधीच रेंगाळत वितळले, तर मळ अजून शिल्लक आहे.