गुरुत्वमध्य सहनिर्देशक

त्रिकोणाच्या प्रतलातील कोणत्याही बिंदूचे स्थान, त्या त्रिकोणाच्या तीन शिरोबिंदूंवर किती किती भार ठेवला असता त्यांचा गुरुत्वमध्य त्या बिंदूत येईल, हे सांगून निश्चित करता येते. एकूण भार १ धरल्यास मिळणाऱ्या या तीन संख्यांना त्या बिंदूचे गुरुत्वमध्य सहनिर्देशक म्हणतात. ही कल्पना जर्मन गणितज्ञ आउगुस्ट फेर्डिनांट मबियस (१७९०–१८६८) यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पद्धतशीरपणे मांडली. मबियस यांची दृष्टी शुद्ध भूमितीची होती. तथापि आज या सहनिर्देशकांचा मोठा उपयोग होतो तो मोजक्याच ठिकाणी मोजलेल्या राशीचे मूल्य मधल्या ठिकाणी काढण्यासाठी, म्हणजे अंतर्वेशनासाठी. त्यांची चिन्हे पाहून बिंदू त्रिकोणाच्या आत आहे की बाहेर, हेही त्याच गणितातून कळते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कागल पंचतारांकित एमआयडीसीसारख्या औद्योगिक क्षेत्रात कारखान्याची छपरी उभारण्यापूर्वी भूखंड सपाट करावा लागतो. त्यासाठी जमिनीची पातळी ठिकठिकाणी मोजतात. प्रत्येक चौरस मीटरवर पट्टी उभी करणे शक्य नसते. म्हणून निवडक बिंदू मोजून त्यांना रेषांनी जोडतात व जमिनीवर त्रिकोणांचे जाळे कल्पितात. प्रत्येक त्रिकोणापुरती जमीन एका सपाट, तिरप्या फळीसारखी मानली जाते. भराव किती व खोदाई किती, हा हिशेब आणि त्यावरून ठेकेदाराचे देयक याच गृहीतावर उभे असते.

उदाहरणादाखल भूखंडाच्या एका कोपऱ्यापासून मीटरमध्ये मोजलेले तीन बिंदू घेऊ : क (०, ०), ख (४०, ०) व ग (१०, ३०). जागेवरील एका पक्क्या खुणेच्या संदर्भाने त्यांच्या पातळ्या अनुक्रमे १००·६०, ९९·४० व १०१·२० मी. आहेत असे मानू. म (२०, १०) या बिंदूची पातळी हवी आहे. म हा तिन्ही शिरोबिंदूंना जोडल्यास मूळ त्रिकोणाचे तीन लहान त्रिकोण होतात. मूळ त्रिकोणाचे क्षेत्रफळ ६०० चौ. मी. असून मखग, मगक व मकख यांची क्षेत्रफळे अनुक्रमे १५०, २५० व २०० चौ. मी. येतात. प्रत्येक शिरोबिंदूचा भार म्हणजे त्याच्या <em>समोरील</em> लहान त्रिकोणाचे मूळ त्रिकोणाशी गुणोत्तर होय. म्हणून क, ख व ग यांचे भार १/४, ५/१२ व १/३ होतात; त्यांची बेरीज १ आहे. बिंदू एखाद्या शिरोबिंदूजवळ सरकला की त्याच्या समोरील त्रिकोण फुगतो व त्या शिरोबिंदूचा भार वाढतो, हे आकृती काढल्यास लगेच दिसते. आता पातळ्यांना त्या त्या भाराने गुणून बेरीज करावयाची :

१००·६० × १/४ + ९९·४० × ५/१२ + १०१·२० × १/३ = १००·३० मी.

हाच अंतर्वेशनाचा सगळा विधी आहे. पातळीऐवजी पाऊस, तापमान किंवा रंगाची तीव्रता असली तरी त्यात काही बदलत नाही. ओतकामातील धातू साच्यात कसा थंड होतो याचे संगणकावर गणित करताना, छेदाचे त्रिकोण पाडून त्यांच्या शिरोबिंदूंवरील तापमानांपासून मधले तापमान याच रीतीने काढता येते.

आता न (३५, १५) हा बिंदू घेऊ. त्याचे भार –१/४, ३/४ व १/२ येतात. बेरीज याही वेळी १ आहे आणि सूत्रात घातल्यास पातळी १००·०० मी. मिळते. उत्तर नीटनेटके असले तरी ते विश्वासार्ह नाही. क चा भार ऋण आहे, याचा अर्थ न हा खग या बाजूच्या पलीकडे, क च्या विरुद्ध अंगास आहे. तेथील जमिनीबद्दल हा त्रिकोण काहीच सांगू शकत नाही. फळी पुढे वाढवली एवढेच. पलीकडे घ (४०, ३०) येथे पातळी ९७·६० मी. मोजलेली असेल, तर न हा खगघ या त्रिकोणात पडतो. त्यातील ख, ग व घ यांचे भार १/२, १/६ व १/३ असे सर्व धन येतात आणि पातळी ९९·१० मी. ठरते. फरक ९० सेंमी. आहे. इतकी चूक १०० चौ. मी. जागेवर सारखी पसरली, तर ९० घ. मी. मुरमाचा हिशेब चुकतो.

यावरून बिंदू आत आहे की नाही याची कसोटी मिळते : तिन्ही भार धन असतील तर बिंदू आत, एक शून्य व इतर दोन धन असतील तर बाजूवर, एकही ऋण असेल तर बाहेर. दोन भार ऋण असल्यास बिंदू उरलेल्या शिरोबिंदूपलीकडील कोनात असतो. तिन्ही ऋण असू शकत नाहीत, कारण बेरीज १ आहे. ऋण चिन्ह पुढची वाटही दाखवते. ज्या शिरोबिंदूचा भार ऋण, त्याच्या समोरची बाजू ओलांडून शेजारच्या त्रिकोणात जावे आणि तेथे पुन्हा भार काढावेत. हजारो त्रिकोणांच्या जाळ्यात प्रत्येक त्रिकोण न तपासता योग्य तो अशा रीतीने लवकर सापडतो.

क्षेत्रफळे येथे चिन्हासह घ्यावी लागतात. शिरोबिंदू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घेतल्यास क्षेत्रफळ धन, सुलट दिशेने घेतल्यास ऋण धरतात. क्रम उलटला तर अंश व छेद या दोहोंचे चिन्ह बदलते, म्हणून गुणोत्तर तसेच राहते. परंतु भागाकार वाचवण्यासाठी केवळ अंशांचीच चिन्हे पाहिली, तर उलट क्रमाच्या त्रिकोणातील आतला बिंदूही बाहेरचा ठरतो. दुसरी अडचण बाजूवरील बिंदूंची आहे. संगणकातील पूर्णांकनामुळे शून्याऐवजी अतिसूक्ष्म ऋण संख्या येते, शेजारचे दोन्ही त्रिकोण बिंदू नाकारतात आणि जाळ्यात नसलेले भोक दिसू लागते. यासाठी शून्याच्या किंचित खालपर्यंतची मूल्ये स्वीकारतात. सामाईक बाजूवर समोरच्या शिरोबिंदूचा भार शून्य असल्याने दोन्ही त्रिकोण एकच पातळी देतात. म्हणून बिंदू कोणत्याही बाजूस गेला तरी बिघडत नाही. तीन बिंदू जवळजवळ एका रेषेत असतील, जसे रस्त्याच्या कडेने ठोकलेल्या खुंट्या, तर मात्र छेद अगदी लहान होऊन मोजणीतील सेंटिमीटरभर चूकही अनेकपट वाढते. असा त्रिकोण टाळणेच बरे.

तथापि सर्वांत मोठी शंका भारांविषयी नसून त्रिकोणांविषयी असते. वरील चार बिंदूंचा चौकोन खग ऐवजी कघ या कर्णाने विभागला, तर न हा कखघ त्रिकोणात येतो. भार १/८, ३/८ व १/२ असे सर्व धनच येतात आणि पातळी ९८·६५ मी. निघते. कसोटी पुरी होते, तरीही उत्तर ४५ सेंमी. नी वेगळे! रशियन गणितज्ञ बरीस डेलोने यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, कखग मधून जाणाऱ्या वर्तुळात घ येत नसल्याने खग हा कर्ण निवडला जातो. हा नियम निमुळते त्रिकोण शक्यतो टाळतो, पण त्याला जमीन दिसत नाही. ओढ्याचा काठ किंवा जुना बांध क पासून घ कडे जात असेल, तर मोजणी करणाऱ्याने ती रेषा जागेवरच नोंदवून कघ ही बाजू सक्तीची करावी लागते.