भजनाचा अर्थ शिकवणे म्हणजे काय?

भजनी मंडळाला अर्थ शिकवणे म्हणजे अवघड शब्दांची यादी देणे, असा समज सर्रास आढळतो. खरे काम अन्वय (कोणता शब्द कोणाशी जोडायचा) दाखवण्याचे असते. पत्त्यातले सगळे शब्द ठाऊक असूनही वळण चुकले की घर सापडत नाही, तसेच हे.

अभंगाच्या एका प्रचलित रचनेत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण (ओळीचे भाग) असतात. वाक्य मात्र चरण संपला म्हणून संपतेच असे नाही. ‘धन नको नाम दे’ असा साधा नमुना घ्या. ‘नको’नंतर श्वास घेतला तर मागणे नामाचे, ‘धन’नंतर घेतला तर नामच नकोसे होते! ताल बिनचूक असल्याने ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून आधी टाळ-पखवाज बाजूला ठेवून अभंग गद्यासारखा वाचावा, श्वासाच्या जागी पेन्सिलीने रेघ मारावी, मग चाल लावावी. गवळणीत बोलणारी बहुधा गोपी असते, हेही पुरुष गायकांना सांगावे लागते. दादरा-नगर हवेलीतल्या अथालच्या परिसरात वारली, गुजराती, मराठी अशा भाषा कानावर पडतात. तिथे गायकाला ओळ घरच्या बोलीत सांगायला लावावी. अडखळला, तर अन्वय अजून सुटलेला नाही.