बदली धारगळला : पैसे किती यापेक्षा कसे मिळणार ते ठरवा

पेडणे तालुक्यातलं धारगळ एकेकाळी मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना मागे पडणारं गाव होतं. ११ डिसेंबर २०२२ रोजी एकाच दिवशी मोपा विमानतळाचं आणि धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं, आणि या भागात बाहेरून बदलीवर येणारी माणसं दिसू लागली. आपल्या मंडळातल्या तरुण मुलामुलींनाही उद्या पुण्याहून किंवा बंगळूरहून इकडे यावं लागेल. तेव्हा कंपनीशी काय बोलायचं, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, पुण्यातल्या एका जोडप्यापैकी एकाची बदली धारगळला झाली. एचआर म्हणते, "स्थलांतरासाठी एकरकमी दीड लाख देऊ." ऐकायला बरं वाटतं. पण ही रक्कम पगारात मिसळून येते. वरच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर भरणाऱ्याचे यातले ४६,८०० रुपये कापले जातात. हातात उरतात १,०३,२०० रुपये.

आता खर्च मांडू. सामान बांधून ट्रकने आणायला ६० हजार, कुटुंबाचा प्रवास १० हजार, घर मिळेपर्यंत पंधरा दिवस हॉटेल ४५ हजार आणि घराच्या एजंटची दलाली २५ हजार. एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे जवळजवळ ३७ हजार रुपये खिशातून जाणार.

हाच खर्च वेगळ्या पद्धतीने मागता येतो. बदलीचा प्रवास आणि सामानाची वाहतूक यासाठी दिलेला भत्ता, प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरता करमुक्त असतो. नव्या करप्रणालीतही ही सवलत टिकून आहे. बदलीच्या वेळी कंपनीने एकूण पंधरा दिवसांपर्यंत दिलेल्या हॉटेलवरही कर लागत नाही. मात्र हॉटेल कंपनीने स्वतः बुक करून बिल भरलेलं बरं. दलालीला अशी सूट नाही. म्हणून तिथे कर धरून रक्कम मागायची. हातात २५ हजार यायला कंपनीला सुमारे ३६,३०० द्यावे लागतील. बेरीज केली तर कंपनीचा खर्च १,५१,३०० होतो, म्हणजे तिच्या दीड लाखापेक्षा जेमतेम तेराशे जास्त. तुमचा मात्र सगळा खर्च भागतो. एचआरपुढे हा हिशेब कागदावर ठेवला की "जास्त मागतोय" असं वाटत नाही. सामानाची बिलं मात्र आपल्या नावाची आणि जपून ठेवलेली हवीत.

घराचं गणित गोव्यात थोडं वेगळं आहे. मोरजी, हरमल, मांद्रे या किनारपट्टीच्या गावांत पावसाळ्यात स्वस्त मिळालेलं घर पर्यटनाचा हंगाम आला की मालकाला परत हवं असतं. जूनमध्ये बदली झाली असेल तर करार हंगामातही चालू राहील, हे लेखी घ्या. पेडणे, म्हापसा आणि सीमेपलीकडचं बांदा-सावंतवाडी पाहून ठरवायला कंपनीकडून आधी एक फेरी मागा. घराची अनामत रक्कम परत मिळणारी असते. ती खर्च म्हणून मागू नका, हप्त्यांत फेडायची उचल म्हणून मागा. असा होकार लवकर मिळतो.

गाडीचा खर्च हमखास विसरला जातो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर तिथे पुन्हा नोंदणी लागते. त्यासाठी जुन्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणि नव्या राज्याचा रस्ता कर आला. बीएच क्रमांकाची गाडी असेल तर यातून सुटका होते. हा खर्चही यादीत लिहा.

पगारवाढ यापासून वेगळी ठेवा. स्थलांतराचा खर्च एकदाच होतो, पण जोडीदाराची नोकरी सुटली तर घरातलं उत्पन्न दर महिन्याला कमी होतं. ती वाढ शक्यतो मूळ पगारात मागा. मूळ पगार वाढला की साधारणपणे भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा हिशेबही वाढतो. 'स्थळ भत्ता' मात्र पुढच्या बदलीत बंद होऊ शकतो.

शेवटची अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर सगळे पैसे परत, असं पत्रात असतं. तिथे तीन बदल मागा: काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम कमी व्हावी, कर कापून हातात आली तेवढीच परत मागावी, आणि कंपनीनेच काढलं तर काहीच परत मागू नये.

नेमणुकीच्या पत्रात 'कुठेही बदली होऊ शकते' असं बहुधा आधीच लिहिलेलं असतं, त्यामुळे बदलीच नाकारणं अवघड. पण तोंडी सांगितल्यापासून बदलीचं पत्र हाती येईपर्यंतचे दिवस आपले असतात. सगळं बोलणं त्यातच करा, आणि ठरलेलं ईमेलवर येईपर्यंत ट्रक ठरवू नका.